मदत हवी आहे: अमेरिकेतल्या गाडीचा क्लेम `Photos Requested` वरच अडकलाय

दुसरं_गेट (टिळकवाडी, बेळगाव)

बहीण टेक्ससमध्ये असते. तिची कोरोला पार्किंगमध्ये उभी असताना मागून कुणीतरी ठोकून पळून गेलं. मागचा बंपर उजव्या कोपऱ्यात आत गेलाय. डिकी लागते, खरं उजव्या बाजूला फट डावीपेक्षा जास्त दिसते. तिची ड्युटी रात्रीची, त्यामुळे क्लेमचं लॉगिन मी इथून बघतोय. तिनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, ते मी कंपनीच्या साइटवर एकेका चौकटीत चढवले. चारही कोपरे, नंबरप्लेट, मीटर, ठोकलेला भाग, सगळं भरलं. उजवा मागचा कोपरा `Driver Side Rear` मध्ये टाकला. तरी स्टेटस हलत नाही, आणि खाली `Some photos could not be used` असं येतं. कुठला फोटो नको झालाय ते सांगत नाहीत.

काय राहिलंय? आणि पुढे कोणकोणते टप्पे येतात, कुठल्या टप्प्याला काय करायचं असतं?

गोकाक_करदंट

सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत गाडी हलवू नका. पोलिसांत नोंद करा, आरसी आणि लायसन्सची झेरॉक्स तयार ठेवा. कॅशलेस गॅरेजला नेली तर ते लोकच सगळं करतात, ॲप वगैरे काही लागत नाही.

दुसरं_गेट

काका, गाडी अमेरिकेत आहे ओ. सर्व्हेअर येत नाही, फोटोवरच हिशेब करणार म्हणून कळवलंय.

कॅम्पातला_पोस्टमन

व्हॉट्सॲपनं घात केलाय. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, आणि कधी, कुठं काढला ही आतली माहितीही निघून जाते. बहिणीला सांगा, तेच फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठव. मूळ फाइल जशीच्या तशी येते. आयफोन असेल तर फाइल HEIC मध्ये येईल आणि काही साइट ती घेत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Formats` खाली `Most Compatible` केलं की पुढचे फोटो JPEG मध्ये निघतात. आणि व्हीपीएन लावून अमेरिकेचं लोकेशन ठेवा, म्हणजे साइटला संशय येणार नाही.

पॅनेल_गॅप

पोस्टमन, डॉक्युमेंटचं बरोबर आहे. व्हीपीएनचं अजिबात नको. लॉगिन एका देशातून, फोटो दुसरीकडचे आणि मध्ये व्हीपीएन, असं दिसलं तर खातं लॉक होऊ शकतं किंवा क्लेम जादा तपासणीला जातो. भावाने बेळगावातून उघडपणे स्टेटस बघण्यात काही वावगं नाही.

दुसरं_गेट, तुमच्या पोस्टमध्येच एक कारण सापडलं. उजवा मागचा कोपरा `Driver Side Rear` मध्ये टाकला म्हणता. तिथं स्टिअरिंग डावीकडे असतं. गाडीची उजवी बाजू म्हणजे `Passenger Side`. आता तपासणाऱ्याला काय दिसतंय बघा: बहिणीनं क्लेम नोंदवताना बहुधा पॅसेंजर बाजूला नुकसान सांगितलं असेल, त्या चौकटीत तुम्ही डावा, न ठोकलेला कोपरा टाकलाय, आणि ठोकलेला कोपरा ड्रायव्हर बाजूला आहे. सांगणं आणि फोटो जुळत नाहीत म्हणून परत मागतात. भारतातून चढवणाऱ्यांची ही नेहमीची गल्लत.

दुसरं म्हणजे हे काम गाडीजवळूनच करायचं असतं. बहुतेक कंपन्या तिच्या अमेरिकेच्या नंबरवर एसएमएसनं लिंक पाठवतात. ती उघडली की ॲप थेट कॅमेरा चालू करतं, गॅलरीतून निवडायची सोयच काही ठिकाणी नसते. ती लिंक परत मागवायला सांगा. फोटो तिनंच काढायचे, उजेड असताना. ड्युटीवरून सकाळी घरी येते तेव्हा पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

कोपऱ्याचा फोटो आठ-दहा फुटांवरून, तिरकं उभं राहून, फोन आडवा धरून काढायचा. त्या बाजूची दोन्ही चाकं आणि अख्खी गाडी चौकटीत यायला हवी, मागच्या कोपऱ्यांत नंबरप्लेटही. चार कोपरे असे झाले की ठोकलेला भाग आधी पाच-सहा फुटांवरून आणि मग दोन-तीन फुटांवरून. त्याहून जवळ गेलं की नुसता रंग दिसतो, तो बंपर आहे की दरवाजा ते कळत नाही. मेटॅलिक रंगावर आपलीच सावली किंवा आभाळ चमकत असेल तर एक पाऊल बाजूला सरकायचं. पोचा सरळ समोरून सपाट दिसतो, तिरका बघितला की खोली दिसते.

डिकीच्या फटीचा फोटो वेगळा द्या, आणि डावीकडची फटही त्याच अंतरावरून. डिकी उघडून आतला तळ आणि रबर लायनिंगही दाखवा. बंपरचं कव्हर प्लॅस्टिकचं असतं, ते अर्धं परत फुगून येतं. खरा मार आतल्या फोमला आणि त्यामागच्या लोखंडी बारला बसतो, तो फोटोत येत नाही. दोन्ही बाजूंच्या फटीत फरक असणं ही आत काहीतरी सरकल्याची खूण आहे, म्हणून हा फोटो महत्त्वाचा.

मीटरचा फोटो गाडी चालू ठेवून. बरेच जण `Trip A` चा आकडा पाठवतात, तो चालत नाही, `ODO` दिसायला हवा. VIN, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, 17 अक्षरी असतो. पुढच्या काचेतून ड्रायव्हर बाजूला खाली दिसतो, खरं काच चमकते. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, तो काढा. VIN मध्ये I, O, Q ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे टाइप करताना गोल दिसेल तो शून्य समजा.

दुसरं_गेट

ड्रायव्हर साइडचं डोक्यातच आलं नव्हतं. लिंक परत मागवायला सांगितलं. टप्प्यांचं सांगता काय?

पॅनेल_गॅप

नावं कंपनीगणिक बदलतात, क्रम साधारण हाच. `Submitted` म्हणजे नोंद झाली. `Adjuster Assigned` म्हणजे माणूस नेमला, त्याचं नाव, नंबर दिसतो. मग `Photos Requested`. चेंडू तुमच्या कोर्टात आहे असा त्याचा अर्थ, आणि इथंच लोक फसतात. कंपनी वेळ लावतेय असं वाटतं, प्रत्यक्षात ती तुमची वाट बघत असते. टेक्ससच्या कायद्यात क्लेम मंजूर की नामंजूर हे कळवायला 15 कामाचे दिवस आहेत, खरं ते मोजायचे मागितलेलं सगळं कंपनीच्या हातात पडल्यावर. एक फोटो राहिला तर मोजणी सुरूच होत नाही. त्यामुळे नुसतं `Upload Complete` वर जाऊ नका, स्टेटस `Under Review` झालंय का ते बघा. पैसे देतो असं लेखी कळवलं की पुढच्या 5 कामाच्या दिवसांत द्यावे लागतात.

`Estimate Ready` आलं की पीडीएफ उतरवून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. समजा 1,860 डॉलरचं एस्टिमेट निघालं आणि डिडक्टिबल, म्हणजे आपण सोसायचा वाटा, 500, तर हातात 1,360 येतील. त्यात `Rear bumper cover` बदलायची ओळ असेल, रंगाची असेल, आतल्या बारची बहुधा नसेल. पार्टापुढे `A/M` असेल तर तो दुसऱ्या कंपनीनं बनवलेला, `LKQ` असेल तर जुन्या गाडीतून काढलेला. `R&I` म्हणजे काढून परत बसवायची मजुरी, नवा पार्ट नव्हे.

पैसे आले म्हणून हिशेब संपला असं नाही. बॉडी शॉपनं बंपर उतरवल्यावर आतला बार वाकलेला निघाला, त्याचे 640 जादा झाले, तर शॉप सप्लिमेंट पाठवतं. ते मंजूर झालं की पूर्ण 640 मिळतात, डिडक्टिबल दुसऱ्यांदा कापत नाहीत. अट एकच: मंजुरीआधी शॉपनं तो बार बदलून मोकळं व्हायचं नाही. स्टेटस `Closed` दिसलं तरी सप्लिमेंटसाठी फाइल पुन्हा उघडतात.

आणखी एक. पळून गेलेल्या गाडीनं ठोकलंय, म्हणजे क्लेम `Collision` खाली नोंदवलाय का `UMPD` खाली, ते पॉलिसीत बघा. `UMPD` म्हणजे विमा नसलेल्या किंवा ठोकून पळालेल्या गाडीनं केलेल्या नुकसानीचं कव्हर. टेक्ससमध्ये `UMPD` घेतलेलं असेल तर त्याचं डिडक्टिबल 250 असतं. पोलीस रिपोर्ट केलेला बरा, तेवढं करदंट काकांचं चुकीचं नाही.

निपाणीकर

आमच्या भावाचं सगळं बरोबर झालं होतं, `Payment Issued` सुद्धा आलं, खरं खात्यात पैसे नाहीत. गाडी कर्जावर होती. चेक भावाच्या आणि फायनान्स कंपनीच्या अशा दोघांच्या नावानं निघाला आणि पोस्टानं जुन्या पत्त्यावर गेला. फायनान्सवाल्यांनी मागं सही करून दिल्यावर वटला. गाडीवर कर्ज आहे का ते आधीच विचारा, आणि `Payee` मध्ये कुणाचं नाव आहे ते बघा.

कॅम्पातला_पोस्टमन

बेळगावातून अॅडजस्टरला फोन लावला तर बोलतात का?

पॅनेल_गॅप

पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्याशीच बोलतात. बहिणीनं एकदा फोनवर किंवा ॲपच्या मेसेजमध्ये 'भावाशी बोलायला माझी हरकत नाही' असं नोंदवलं तर बोलतात, तेही कंपनीवर आहे. उन्हाळ्यात डॅलसचे सकाळचे 9 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. फोनपेक्षा ॲपमधला मेसेज बरा, लेखी राहतो.

दुसरं_गेट

बहिणीनं लिंकवरून परत फोटो काढले, पॅसेंजर साइड नीट टाकली, दोन्ही फटींचे फोटोही दिले. आत्ता `Under Review` दिसतंय. गाडीवर कर्ज आहे, निपाणीकर. `Payee` ची ओळ अजून रिकामी आहे.

क्लेम `Collision` खाली गेलाय, डिडक्टिबल 500. पॉलिसीत `UMPD` पण आहे असं ती म्हणते. आता मधेच बदलून मागता येतं काय? आणि कोणता घेतला तर पुढच्या वर्षी प्रीमियम कमी वाढतो?

पॅनेल_गॅप

पैसे निघायच्या आत अॅडजस्टरला मेसेज करून विचारा, 250 चा फरक आहे. `UMPD` ला दुसरी गाडी प्रत्यक्ष लागल्याचं दाखवावं लागतं. बंपरवर दुसऱ्या गाडीचा रंग घासलेला असेल तर तो पुसू नका, धुऊ नका, त्याचा जवळून फोटो त्याच मेसेजला जोडा. प्रीमियमचं मी छातीठोक सांगणार नाही, ते कंपनीनं नूतनीकरणाला काय धरलंय त्यावर आहे.

गोकाक_करदंट

आमच्याकडे नो क्लेम बोनस जातो, तिथं पण तसंच असेल.

निपाणीकर

तिथं बोनसची भानगड वेगळी आहे काका. कुणाला टेक्ससमध्ये `UMPD` वर वाढ झाल्याचं ठाऊक असेल तर लिहा.