मदत हवी आहे: घड्याळ काढलं तरी मनगटावर घड्याळाचा छाप, खाज जात नाही

माशेलची शेवंती

नमस्कार. गेल्या चवथीला नवऱ्याने घड्याळ दिलं, पांढऱ्या धातूचा पट्टा असलेलं. सात-आठ महिने काही झालं नाही. मे महिन्यात पणजीला कदंबातून उभ्याने जाता-येता घामाने हात चिकट व्हायचा, तेव्हा पट्ट्याखाली खाज सुटू लागली. आठवड्याभरात मनगटाभोवती लाल कडं उमटलं, बारीक पुटकुळ्या आल्या. फार्मसीत दाखवलं तर नायटा म्हणून एक ट्यूब दिली. लावली की चार दिवसांत बरं, सोडली की आठवड्यात परत. असे तीन महिने चाललेत.

जुलैत धातूचा पट्टा काढून चामड्याचा बसवला. कडं गेलं, पण दोन ठिकाणी राहिलंच. एक मनगटाच्या आतल्या बाजूला, साधारण रुपयाएवढं. दुसरं वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखं. आता चामडंही सोसत नाही असं समजायचं का? की हा खरंच नायटा आहे? गळ्यातलं मंगळसूत्र आणि बांगड्या सोन्याच्या आहेत, त्यांचा काही त्रास नाही.

कुळागरवाला

हे पित्त आहे. आमच्याकडे सोलांचं आगळ चोळतात, अर्ध्या तासात उतरतं. घड्याळाचा काय संबंध?

म्हापशेकर

फार्मसीत बसतो म्हणून सांगतो, गोव्याच्या दमट हवेत मनगटावर नायटा भरपूर दिसतो. घड्याळाखाली घाम साचतो, बुरशीला तेच हवं असतं. फार्मसीवाला अगदीच चुकला असं मला वाटत नाही. ट्यूब मध्येच सोडली म्हणून परत आलं असेल. आणि धातूची शंका असेल तर बकलला आतून रंगहीन नेलपॉलिश लावा, विषय संपला.

आबोली

मी डॉक्टर नाही. त्वचेच्या ओपीडीत परिचारिका म्हणून २२ वर्षं काढली, त्यातली बरीचशी लोकांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवण्यात गेली. म्हणून दोन प्रश्न.

शेवंतीताई, आतल्या बाजूचा डाग बरोबर बकलखाली येतो का? आणि दोन डागांच्या मधल्या जागेत, जिथे नुसतं चामडं टेकतं, तिथे कातडी स्वच्छ आहे का?

कुळागरवाले, पित्ताची गांध एका जागी २४ तास टिकत नाही, इथली उतरते आणि तिथे उठते. हे महिनोन्महिने एकाच जागी आहे. आगळ आंबट, फुटलेल्या पुटकुळ्यांवर लावलंत तर आग आग होईल. ते सोलकढीलाच ठेवा.

म्हापशेकर, तुम्ही अर्धे बरोबर आहात. नायटा असूही शकतो, पण तो बाहेरच्या बाजूला पसरत जातो, कडा उठून दिसते आणि मध्ये बरं होत जातं. त्याला बकलचा आकार कळत नाही. खरी पंचाईत त्या ट्यूबची आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र असलेली ती ट्यूब असेल, तर स्टिरॉइडमुळे अ‍ॅलर्जीही दबते आणि नायट्याचा चेहराही बदलतो. म्हणून ती लावून बरं वाटलं यावरून काहीच ठरत नाही. शंका राहिलीच तर डॉक्टर कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेवढ्यात कळतं.

माशेलची शेवंती

हो, आत्ता बांधून बघितलं. आतला डाग बरोबर बकलखाली. मधली जागा एकदम स्वच्छ! वरची चंद्रकोर घड्याळाच्या कडेखाली येते, जिथे ते हाताच्या हाडाला टेकतं. आणि बकलची कड निरखून बघितली तर पांढरा मुलामा घासून खालून पिवळसर दिसतंय.

ट्यूबवर ती तिन्ही औषधं आहेत.

आणखी एक, लिहायला जरा संकोच वाटत होता. बेंबीखालीही असाच एक गोल डाग आहे, मे महिन्यापासूनच. घामोळं समजत होते.

आबोली

जीन्सचं बटण. शर्ट आत खोचत नाही ना?

लहानपणी जत्रेच्या फेरीतली कानातली घातल्यावर कान पिकायचे का?

माशेलची शेवंती

फातर्प्याच्या जत्रेत घेतलेली कुडकं! दुसऱ्या दिवशी पाणी यायचं. आई म्हणायची, भोकं कच्ची आहेत. तुम्हाला कसं कळलं?

आबोली

कारण निकेलची अ‍ॅलर्जी बहुतेक कानापासून सुरू होते. स्वस्त दागिन्यात पितळेवर आधी निकेलचा थर देतात, वर सोनेरी किंवा पांढरा मुलामा. ताज्या भोकात ते निकेल थेट शरीराला भेटतं. एकदा ओळख पटली की कातडी ती आयुष्यभर विसरत नाही. मग तीस वर्षांनी घड्याळ लावा की बटण, एक-दोन दिवसांत तिथेच पुरळ. मधली वर्षं सोन्याशिवाय काही घातलं नसेल तर कळायचंही नाही.

आठ महिने का सोसलं, याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. मुलामा शाबूत होता तोवर निकेल आत होतं. तो घासला आणि मे महिन्याचा घाम आला. घामातल्या मिठाने निकेल विरघळून कातडीत उतरतं. सुक्या हवेत हेच घड्याळ कदाचित आणखी वर्षभर चाललं असतं.

चामड्याला तूर्त निर्दोष समजा. चामडं कमावताना क्रोमियम वापरतात आणि त्याचीही अ‍ॅलर्जी होते, पण तसं असतं तर चामडं टेकतं तिथे सगळीकडे उठलं असतं. तुमची मधली जागा स्वच्छ आहे.

गोगटे सर

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवतो. अंदाज कशाला, तपासून बघा! बारावीच्या क्षार-परीक्षणात निकेलसाठी डायमिथिलग्लायऑक्साइम वापरतो, तेच इथे चालतं. कापसाच्या काडीवर त्याचे दोन थेंब आणि अमोनियाच्या द्रावणाचे दोन थेंब घ्यायचे, धातूवर अर्धा मिनिट नीट घासायचं. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतंय. दागिना खराब होत नाही, नंतर धुवून पुसायचा. अमोनिया नाकात जातो, खिडकी उघडी ठेवा, आणि काडी कातडीला लावू नका. माशेल माझ्या वाटेवरच आहे, हवं तर शनिवारी प्रयोगशाळेत घेऊन या.

तिसवाडीकर

माझ्या वडिलांचं अगदी हेच झालं होतं. बारा वर्षं एकच काळा डाय लावत होते. गेल्या वर्षी लावल्यावर दुसऱ्या दिवशी कान आणि मान लाल, तिसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद. डोक्याच्या कातडीला मात्र फारसं काही नाही. त्यांना डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी निघाली. ताई, तुम्ही डाय लावता का? तेच असणार.

माशेलची शेवंती

मनगटाला डाय कसा लागेल हो! पण आता विचारलंत म्हणून सांगते, महिन्यातून एकदा रविवारी घरीच लावते. अमोनिया नसलेला. मानेवर केसांच्या खाली अधूनमधून खाजतं. तिथेच मंगळसूत्राचा फासाही येतो.

आबोली

तिसवाडीकर, मनगटाचा निकाल डायवर लावता येणार नाही, पण बरं झालं तुम्ही विचारलंत.

ताई, मानेची खाज डाय लावल्यावर एक-दोन दिवसांनी येते का? 'अमोनिया नाही' यावर विसंबू नका. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळं. काळ्या रंगाच्या बहुतेक पक्क्या डायमध्ये पीपीडी किंवा त्याचं भावंड असतंच. काळ्या मेंदीच्या कोनातही असतं, म्हणून लग्नात हौसेने लावलेल्या नक्षीच्या फोडांची नक्षी होते. बारा वर्षं सोसलं म्हणून तेराव्या वर्षी सोसेल असं नसतं.

निकाल लागेपर्यंत डाय लावू नका. मनगटावरचं पुरळ त्रास देतं, डायचं कधी कधी इस्पितळात नेतं.

माशेलची शेवंती

सोमवारी ऑफिसात खाज आठवते कधी कधी. पण रविवारी मंगळसूत्रही धुऊन घालते, त्यामुळे खात्रीने नाही सांगता येत.

म्हापशेकर

तोवर काजू, डाळी, चॉकलेट बंद करा. त्यात निकेल असतं.

आबोली

असतं, खरं आहे. पण ते पथ्य काही मोजक्यांनाच देतात, ज्यांच्या तळहातांवर सगळं सोडूनही फोड येत राहतात. बकल सोडायच्या आधी काजू सोडायची गरज नाही. नेलपॉलिशही तसंच, ते दोन-चार दिवसांत टवका होऊन निघतं, आणि नेमकं घासतं त्याच जागी. लग्नाला एक संध्याकाळ निभावते, रोजच्या घड्याळाला नाही.

माशेलची शेवंती (पुढच्या सोमवारी)

सरांकडे जाऊन आले. बकल: काडी स्ट्रॉबेरीसारखी गुलाबी. घड्याळाची कड: गुलाबी. जीन्सचं बटण: सगळ्यात गडद. बांगड्या आणि मंगळसूत्र: काही नाही. गंमत म्हणजे घड्याळाची पाठ, तीही पांढरीच, पण काडी कोरी.

गोगटे सर

पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' कोरलेलं होतं. त्याचा अर्थ फक्त पाठ स्टीलची, बाकी अंग मुलाम्याचं. चांगल्या स्टीलमध्येही निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असतं, सहसा सुटत नाही. आणि काडी कोरी राहिली म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असंही नाही, फार थोडं सुटत असेल तर रंग दिसत नाही. मंगळसूत्राच्या फाशाची बारीक कडी मी नीट घासू शकलो नाही, ती तपासली असं धरू नका.

आबोली

सरांनी धातू तपासला, तुमची कातडी अजून तपासायची आहे. त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट विचारा. बांबोळीला जीएमसीत किंवा खाजगीत कुठे होते ते आधी फोन करून घ्या. सोमवारी पाठीवर छोट्या छोट्या वाट्यांची पट्टी चिकटवतात. एका वाटीत व्हॅसलिनमध्ये ५ टक्के निकेल सल्फेट, एकीत १ टक्का पीपीडी, एकीत क्रोमियमचा क्षार, अशी रांग असते. बुधवारी काढून बघतात, शुक्रवारी पुन्हा. शुक्रवार चुकवू नका, काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम काढायचा नाही. माझ्या अनुभवात मे महिन्यात निम्म्या पट्ट्या घामाने सुटायच्या, डिसेंबर उत्तम. पाठीला आधी कुठलंही स्टिरॉइड मलम नको, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

घड्याळ काढून ठेवा, बटणावर आतून कापड शिवा. ती ट्यूब बंद. डॉक्टर बहुधा नुसतं स्टिरॉइड मलम ठरावीक दिवसांसाठी देतील. घड्याळ काढल्यावरही पुरळ पूर्ण जायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात 'गुण नाही' म्हणून नवीन ट्यूब आणू नका.

माशेलची शेवंती

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारची वेळ मिळाली. बटणाला जुन्या साडीचा काठ शिवला, आठवड्यात खाज निम्मी झाली. मानेचं अजून कळत नाही, डाय बंद आहे आणि मंगळसूत्र तसंच आहे. पण घरात लग्न आहे २० डिसेंबरला आणि केस अर्धे पांढरे. साधी मेंदी चालेल का?

आबोली

पाल्याची, घरी वाटलेली असेल तर सहसा चालते, केस तांबडे होतील एवढंच. 'काळी मेंदी' लिहिलेलं पाकीट आणू नका. आणि लावायचीच तर शुक्रवारची पाठ बघून झाल्यावर.

कुळागरवाला

म्हणजे आगळ नकोच?