मदत हवी आहे: परीक्षेपर्यंत वायफायचे नियम, फॅमिली ग्रुपवर मेसेज कसा लिहू?

वाड्यातली_ताई
घरच्या ग्रुपवर वायफायचे नियम टाकायचे आहेत, कोणी चांगल्या शब्दात मेसेज लिहून देता का? रात्री शांतता आणि अभ्यासाच्या मोबाईल-लॅपटॉपला आधी नेट, बस एवढंच. मागे मी एकदा टाकला होता तर मोठे बाबा फुगूनच बसले, म्हणून विचारते. आज रात्रीच टाकायचाय, लवकर सांगा.

दारव्हेकर
परीक्षा कोणाची? घरात किती जण? बिल कोण भरतं? एवढं तर सांगा, मेसेज हवेत कसा लिहायचा.

संत्रा_बागायतदार
मेसेज वगैरे काही लागत नाही, प्लॅन वाढवा. आमच्याकडे 100 चा घेतला, कटकट गेली.

वाड्यातली_ताई
भावाची बारावी सायन्स, त्याचा संध्याकाळी 7 ते 9 लाईव्ह क्लास असतो आणि तो नेमका तेव्हाच अडकतो. चुलत बहीण दहावीला. वाडा एकच, चुली दोन. बिल मोठे बाबा भरतात. केबलवाल्याचं 40 एमबीपीएसचं फायबर आहे. प्लॅन वाढवा म्हणायची माझी सोय नाही. मेसेज द्या ना कोणी.

फायबर_जोडणारा
ताई, मेसेजने प्रायॉरिटी मिळत नसते, ती राऊटरमध्ये द्यावी लागते. आणि एका क्लासला दोन-तीन एमबीपीएस रग्गड होतात, 40 मध्ये तो अडकतो म्हणजे कारण दुसरंच आहे. क्लास अडकेल तेव्हा लॅपटॉपवर cmd च्या दोन काळ्या खिडक्या उघडा आणि एकेकीत हे चालवा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला तुमच्या घरातल्या राऊटरपर्यंतचा (पत्ता डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो, वेगळा असला तर तो टाका), दुसरा बाहेरचा. पहिल्यातच time= पुढचा आकडा उड्या मारत असेल तर वायफाय पोचत नाही, भिंती जाड आहेत. पहिला शांत आणि दुसराच उडत असेल तर कोणीतरी लाईन भरून टाकलीय. राऊटर कोणता तेही सांगा.

वऱ्हाडी_बाप्पा
काऊन एवढं डोकं लावता बाप्पा, रात्री 9 ले राऊटरचं बटन बंद करा, सारे झोपतात. आमच्या इथं तं लाईटच जाते, नियम आपोआप लागते.

दारव्हेकर
बाप्पा, पोराचा रात्रीचा अभ्यासही बंद होईल ना मग. लाईटवरून आठवलं, राऊटरचा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्या. तुमच्याकडे सध्या शेतीची लाईट दिवसाची आहे की रात्रीची?

वऱ्हाडी_बाप्पा
रात्रीची. हरभऱ्याले पाणी द्याले अकराले जा लागते.

वाड्यातली_ताई
केलं. पहिला 2-3 वरच राहिला. दुसरा आधी 28 होता, सव्वासातला एकदम 700-900 झाला आणि मधेमधे Request timed out. राऊटर टीपी-लिंकचा आहे, भावाने QoS मध्ये लॅपटॉपला प्रायॉरिटी केव्हाचीच लावलीय, काही फरक नाही.

संत्रा_बागायतदार
बघा, लाईन भरते म्हणजे प्लॅन कमी पडतो, मी काय म्हणत होतो.

फायबर_जोडणारा
दादा अर्धं बरोबर. लाईन भरते, पण बहुतेक वरची बाजू, म्हणजे अपलोड. अपलोड भरलं की क्लासचं छोटंसं उत्तरही रांगेत अडकतं आणि चित्र थांबतं, स्पीड टेस्टला डाउनलोड छान दिसलं तरी. असं करणारे तीन जण: फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअॅपचा बॅकअप आणि सीसीटीव्ही. 100 चा प्लॅन घेतला तरी फोटो तीही लाईन भरतील, फक्त लवकर संपतील. ताई, मोठ्या बाबांकडचे मोबाईल कोणत्या नावाच्या वायफायला लागतात? टीपी-लिंकच्या की केबलवाल्याच्या पांढऱ्या डब्याच्या?

वाड्यातली_ताई
पांढऱ्या डब्याच्या. तो त्यांच्याच बैठकीत आहे, टीपी-लिंक आमच्या बाजूला वायर ओढून लावलाय. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न झालं, फोटो-व्हिडिओ दादाच्या मोबाईलमध्ये आहेत. तो कामावरून सातच्या सुमारास येतो.

फायबर_जोडणारा
सापडलं. त्यांची सगळी मशीनं टीपी-लिंकच्या आधीच लाईनीत शिरतात, तुमच्या राऊटरला ती दिसतही नाहीत, मग तो प्रायॉरिटी कोणावर चालवणार. पक्कं करायचं तर उद्या सातला दादाच्या मोबाईलचं वायफाय पाच मिनिटं बंद ठेवायला सांगा आणि दुसरा आकडा 30 च्या आसपास खाली येतो का बघा.
कायमचा उपाय म्हणजे पांढऱ्या डब्याचं वायफाय बंद करून सगळ्यांना टीपी-लिंकवर आणायचं आणि QoS मध्ये एकूण स्पीड खऱ्यापेक्षा थोडा कमी, 40 असेल तर 35-36 लिहायचा, नाहीतर रांग राऊटरच्या बाहेरच लागते. पण त्या डब्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे असतो आणि बैठकीत सिग्नल पोचेल का हा प्रश्न आहेच. तोवर मेसेजच कामाचा.

आर्वीची_आई
माझा मुलगा चादरीत मोबाईल घेऊन गेम खेळतो, त्याचं नेट फक्त रात्री बंद कसं करू?

दारव्हेकर
आई, तो वेगळा धागा काढा. ताई, मेसेजमध्ये "शांत वेळ" लिहू नका. आमच्या ग्रुपवर लिहिलं तर अर्ध्या लोकांनी नेट बंद समजलं, अर्ध्यांनी टीव्हीचा आवाज. दोन वेगळ्या ओळी करा.

संत्रा_बागायतदार
आणि मोठ्यांना ग्रुपवर नियम टाकूच नये असं माझं मत. आधी जाऊन भेटा.

दारव्हेकर
भेटून बोलणं ठीक, पण लिहिलेलं नसलं तर चौथ्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

फायबर_जोडणारा
दोन्ही करा, आधी भेटा मग टाका. मसुदा देतो, नाती तुम्ही बघून घ्या:

"मोठे बाबा, मोठी आई, सगळ्यांना नमस्कार. सोनूचा शेवटचा पेपर होईपर्यंत एवढी मदत हवी. संध्याकाळी 7 ते 9 त्याचा क्लास असतो, त्या वेळात फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप बंद ठेवूया, रात्री 9 नंतर खुशाल चालू. टीव्ही बघायला काही हरकत नाही, फक्त 9 ते 11 आवाज कमी. अभ्यासाची मशीनं दोनच: सोनूचा लॅपटॉप आणि पिंकीचा टॅब. पेपर सकाळी 11 ला असतो, तेव्हा आदल्या रात्री 10 नंतर दोघांचंही नेट बंद. मोबाईलमध्ये बॅकअप कुठे बंद करायचा ते मी घरी येऊन करून देते."

अभ्यासाच्या मशीनचं नाव लिहाच, नाहीतर प्रत्येकाचा मोबाईल अभ्यासाचा होतो.

वाड्यातली_ताई
सोनू-पिंकीच्या जागी आमची नावं टाकते. पण दादाच्या मोबाईलमध्ये नेमकं कुठे? तो म्हणेल फोटो उडतील.

फायबर_जोडणारा
Google Photos उघडून वर कोपऱ्यात त्याचा फोटो दाबा, सेटिंगमध्ये Backup, ते बंद. मोबाईलमधले फोटो जागेवरच राहतात, फक्त वर चढायचे थांबतात. व्हॉट्सअॅपचा बॅकअप तसाही रात्री दोनच्या सुमारास होतो, कोणी हाताने Back up दाबू नये म्हणजे झालं. त्यांच्या अंगणात कॅमेरा आहे का ते सांगितलं नाही तुम्ही.

वाड्यातली_ताई
आहे, गोठ्यावर एक. तो पण वर चढवतो?

फायबर_जोडणारा
कोणी घराबाहेरून मोबाईलवर लाईव्ह बघत असेल तर हो, एरवी मेमरी कार्डवर साठवतो की कंपनीच्या क्लाउडवर त्यावर अवलंबून. मॉडेल सांगा.

वऱ्हाडी_बाप्पा
गोठ्यावर कॅमेरा? म्हशीले बी प्रायॉरिटी द्या मंग.

वाड्यातली_ताई
मॉडेल उद्या बघते. मोठे बाबा हो म्हणाले, मेसेज टाकला, पिन पण केला. दादाने अजून निळी टिक दिली नाही.