मदत हवी आहे : लग्नानंतरचा पहिला मोठा सण, दोन घरं आणि पाच दिवस

धागाकर्ती : नवी_वाट

लग्नाला सात महिने झाले. पुढच्या महिन्यात पाच दिवसांचा सण आहे आणि तिसरा दिवस मुख्य. सासर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, माहेर रात्रीच्या बसने नऊ तास.

आम्ही अडीच-अडीच दिवस वाटले. आदल्या रात्री निघून पहिल्या दिवशी सकाळी सहाला माहेरी, तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून दुपारी दोनला सासरी आणि पाचव्या रात्रीपर्यंत तिथेच. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "चालेल गं, तुम्ही याल तेव्हा आमचा सण." मग बराच वेळ ती बोललीच नाही, मागे नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला. तिकडे सासूबाईंनाही वाटतंय की मुख्य दिवशी सकाळी मुलगा-सून घरी नाहीत. दोघीही दुखावल्या. आमचं चुकतंय कुठे?

जुनी_ओसरी :

तारखा मोजू नका, जागेपणी एकत्र मिळणारे तास मोजा. पहिल्या दिवशी सकाळी पोचाल, पण बसच्या प्रवासानंतर दुपारी बारापर्यंत झोपाल. रात्री दहापर्यंत धरले तर दहा तास. दुसऱ्या दिवशी पंधरा. तिसऱ्या दिवशी तुम्ही उजाडायच्या आत बाहेर. म्हणजे माहेरी पंचवीस तास. सासरी तिसऱ्या दिवशी आठ, पुढे पंधरा आणि पंधरा, एकूण अडतीस. प्रवास सगळा माहेरच्या वाट्यातून गेला. शिवाय सासरी तुम्ही एरवीही जात असाल.

दुसरं म्हणजे, 'किती दिवस येऊ' असं विचारू नका. 'कोणत्या एका वेळी आम्ही हवेच आहोत' असं दोन्हीकडे विचारा. बऱ्याच घरांत सगळा जीव एका संध्याकाळीत किंवा एका सकाळीत अडकलेला असतो आणि पुष्कळदा त्या वेळा वेगवेगळ्या निघतात.

घर_माझं :

एवढं गणित कशाला? दोन्ही घरच्यांना तुमच्याकडेच बोलवा. आम्ही तेच केलं.

जुनी_ओसरी :

उपाय चांगला आहे, पण पहिल्याच वर्षी जपून. मोठ्यांना सणाच्या दिवशी स्वतःचं घर बंद करून निघणं जड जातं. आणि सगळं यजमानपण या दोघांवर आलं की त्यांना कुणापाशीच निवांत बसता येत नाही. मुख्य दिवस सोडून एक संध्याकाळ तसं करता येईल.

जिना :

आमची दोन्ही घरं एकाच इमारतीत आहेत, त्यामुळे प्रवासाचा प्रश्नच नाही. तरी पहिल्या वर्षी आम्ही दर दोन तासांनी खाली-वर करत होतो. वर बसलो की खालून फोन. संध्याकाळी माझे वडील म्हणाले, "तू आलीस कधी आणि गेलीस कधी, कळलंच नाही." दुसऱ्या वर्षापासून अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे, मधे जिना चढायचा नाही.

सरळरेषा :

मुख्य दिवशी तुम्ही तुमच्या घरी, नवरा त्याच्या घरी. कुणाचीच तक्रार नाही. यंदा या घरी, पुढच्या वर्षी त्या घरी असंही ठरवून टाका.

नवी_वाट :

पहिल्याच सणाला वेगवेगळं राहायचं नाही, दोघांनाही नको आहे.

काल दोन्हीकडे ती एक वेळ विचारली. आईला मुख्य दिवस नकोच होता! तिला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ हवी आहे, कारण दादा-वहिनी त्याच रात्री वहिनीच्या माहेरी निघतात. त्यानंतर सगळे एकत्र नसतात. सासूबाईंना मुख्य दिवसाची सकाळ हवी आहे.

म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री दहाची बस धरली तर सकाळी सातला पोचू. एक रजा जास्त टाकून एक दिवस आधी गेलो, तर माहेरचे तासही भरून निघतात. फक्त ह्यांना बसमध्ये अजिबात झोप लागत नाही.

जुनी_ओसरी :

मग बसमधून थेट सासरी जाऊ नका. पेंगुळलेला मुलगा दिसला की आईला वाटतं, तिकडे दमवून इकडे पाठवला. आधी स्वतःच्या घरी दोन तास झोपा आणि दहाला पोचा. पण 'दहा' हे आत्ताच सांगा, त्या दिवशी सकाळी नको. सासूबाईंना ह्यांनी सांगायचं, तुमच्या आईला तुम्ही, आणि दोन्ही फोन एकाच संध्याकाळी. शब्द 'आम्ही ठरवलंय' असेच हवेत. 'ती म्हणते' आलं की सगळं तुमच्यावर येईल.

आणि आलटूनपालटूनचं वचन आत्ता देऊ नका. पुढच्या वर्षी रजा किती मिळतील, कुणाची तब्येत कशी असेल, काय माहीत. 'यंदा असं' एवढंच सांगा.

नवी_वाट :

आईशी बोलले. या वेळी तिने लगेच विचारलं, "मग एक दिवस आधी येताय ना, नक्की?" ह्यांचा फोन अजून व्हायचा आहे. सासूबाईंच्या घरी त्या दिवशी सहालाच सगळं सुरू होतं, दहाला पोचलेलं चालेल की नाही, खरंच सांगता येत नाही. उद्या रात्री बोलणार आहेत. काय होतं ते इथे लिहीनच.