एबीएसचा दिवा गाडी सुरू केल्यावर मिणमिणतोय आणि विझतच नाही, मदत हवी आहे

भावांनो जरा सांगा, माझ्या गाडीला दोन्ही चाकांवर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे, चावी फिरवली की दोन्ही दिवे लागतात आणि थोडं पुढं गेलं की विझतात, ते सेल्फ चेक असतंय हे माहीत आहे, चाकं फिरून सेन्सरला स्पीड कळल्याशिवाय चेक पूर्ण होत नाही म्हणून उभ्या गाडीवर मिणमिणलं तर टेन्शन नाही.

पण रविवारी मागचं चाक पंक्चर झालं, रंकाळ्याजवळ चाक खोलून काढलं, त्यानंतर कागलपर्यंत चाळीसच्या स्पीडला गेलो तरी दोन्ही दिवे चालूच! ब्रेक नेहमीसारखा लागतोय, फक्त मागचा जोरात दाबला की चाक सरळ लॉक होतंय, म्हणजे एबीएस बंदच आहे लगा. ट्रॅक्शनलाही तोच चाकाचा सेन्सर लागतो, म्हणून दोन्ही एकदम गेले असावेत.

बॅटरी बघितली, १२.६ व्होल्ट आहे. आता शंका अशी की चाक बसवताना दातेरी रिंग वाकली, का सेन्सरची वायर ओढली गेली, का उसाच्या रस्त्याचा चिखल बसलाय? चाक न काढता कसं ओळखायचं? का आधी स्कॅनर लावून कोडच बघू?