मदत हवी आहे: तिसरीच्या बियांच्या कृतिपत्रिकेसाठी फुटणारी शेंग

तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी 'आपल्या भागातील वनस्पती आणि बिया' ही एका पानाची कृतिपत्रिका करत आहे. शाळा पुणे जिल्ह्यातल्या गावात आहे आणि पाठ जानेवारीत घ्यायचा आहे.

पहिली कृती जमली आहे. रात्रभर भिजवलेले वाल आणि मक्याचे दाणे मुलांनी सोलून बघायचे. वालाच्या दोन डाळी सहज सुटतात, मक्याच्या दाण्याचे असे दोन भाग होत नाहीत. दिसेल तसे चित्र काढायचे. त्यासाठी चौकट मोठी ठेवली आहे, कारण लहान चौकटीत मुले बी न बघता नुसता गोल काढतात.

दुसऱ्या कृतीत बी लांब कशी जाते हे मुलांनी बीकडे बघूनच ओळखायचे आहे. रुईची म्हातारी वाऱ्यासाठी, आघाडा कपड्यांना चिकटणारा. अडले आहे ते फुटून उडणाऱ्या बीपाशी. तेरडा यासाठी उत्तम, हात लावताच फुटतो, पण तो पावसाळ्यातला. एरंडाची बोंडे वाळून फुटतात, पण बी विषारी असल्याने आठ वर्षांच्या मुलांच्या हातात द्यायची नाही. गुंजही त्याच कारणाने नको.

चित्र किंवा व्हिडिओ नको, वस्तू हातात हवी. पत्रिका काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघणार, त्यामुळे रंगावरून ओळखायचे प्रश्न चालणार नाहीत.

जानेवारीत रस्त्याकडेला किंवा बांधावर सहज मिळणारी, बिनविषारी आणि वर्गात मुलांसमोर फुटेल अशी शेंग किंवा बोंड कोणते? ते किती वाळलेले आणावे लागते?