मदत हवी आहे: पात्यावर बुडबुडे हिशेबापेक्षा आधीच का दिसतात?

तापीकाठ: जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेतील वॉटर टनेलमध्ये नाका ००१२ छेदाचे पाते ४ अंशांवर बसवले असून प्रवाहाचा वेग सेकंदाला ८ मीटर आहे. हिशेबाने दाब उणे ४७ किलोपास्कल झाल्यावर बुडबुडे दिसायला हवेत, पण ते उणे ३१ वरच दिसतात. अहवाल सोमवारी द्यायचा आहे, कृपया लवकर सांगा.

जुना_फिटर: उणे कशापेक्षा? हवेचा दाब किती धरला, पाण्याचे तापमान काय, आणि पात्यावरचा सर्वांत कमी दाब कोणत्या अंकाने काढला?

तापीकाठ: हवेचा दाब ९९, पाणी ३० अंश, आणि किमान दाबाचा अंक उणे १.५. हे सांगायचे राहून गेले.

धुळेकर: मग उत्तर सोपे आहे. आपल्याकडच्या उन्हात पाणी तापते आणि त्याचा बाष्पदाब वाढतो, म्हणून बुडबुडे लवकर येतात.

केळीवाला_रावेर: आमच्या विहिरीवरच्या पंपाचा पंखा असाच चाळणीसारखा झाला होता. भाऊ, पंप पाण्याच्या जवळ खाली बसवा, त्रास थांबेल.

जुना_फिटर: रावेरकर, पंपासाठी तुमचे म्हणणे रास्त आहे, पण इथे दाब मुद्दाम कमी केला जात आहे. धुळेकर, बाष्पदाब २० अंशांना सुमारे २.३ आणि ३० अंशांना ४.२ किलोपास्कल असतो. फरक दोनचा, तफावत सोळाची! शिवाय ४.२ त्यांच्या हिशेबात आधीच आलेला दिसतो. त्यांच्या वेगाला गतिदाब ३१.९ येतो. गेजवर उणे ३१ म्हणजे निरपेक्ष ६८, म्हणून कॅव्हिटेशन अंक २.० होतो, आणि त्या क्षणी पात्यावरचा किमान दाब अजून २० च्या आसपास असतो. तिथे पाणी उकळत नाही, त्यात विरघळलेली हवा सुटत असावी. टाकी नुकतीच भरली होती का? बुडबुडे पात्यामागे न फुटता लांबपर्यंत वाहत जातात का, की तडतड आवाज करत लगेच विझतात?

तापीकाठ: बोअरचे पाणी सकाळीच भरले होते. आवाज अजिबात नाही, बुडबुडे खिडकीच्या टोकापर्यंत जातात.

जुना_फिटर: मग दाब कमी ठेवून टनेल तासभर चालवा आणि सुटलेली हवा वरून काढून टाका. नंतर बुडबुडे कधी दिसले याबरोबरच, दाब हळूहळू वाढवताना ते कधी नाहीसे झाले तेही नोंदवा, कारण तो आकडा जास्त स्थिर मिळतो.

धुळेकर: पात्याची पुढची धार खडबडीत असली तरीही बुडबुडे लवकर येतात, हे मात्र तुम्हाला मान्य करावे लागेल.

जुना_फिटर: ते मान्य आहे, पण आधी कोनाचा शून्य तपासावा. पाते सममित आहे, म्हणून अधिक ४ आणि उणे ४ ला आकडे सारखेच यायला हवेत.

तापीकाठ: हवा काढल्यावर बुडबुडे उणे ४४ ला आले, तडतडीसह, आणि उणे ४२ ला गेले. म्हणजे नाहीसे होतानाचा अंक १.६५ पडतो. उरलेला फरक धारेचा की कोनाचा, ते उद्या पाते उणे ४ ला फिरवून पाहतो.