मदत हवी आहे: सौद्याच्या बैठकीत आपल्याच माणसाला इशारा कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही दिंडोरीकडचे सात द्राक्षवाले, एक्स्पोर्टवाल्याशी सौदा करायला तिघं जातो. बोलायचं फक्त आप्पांनी, लिहायचं मी, आणि भाच्याने तोंड बंद ठेवून समोरच्यांकडे बघत बसायचं, कारण बोलणाऱ्याला पुढचं वाक्य जुळवताना आणि लिहिणाऱ्याला वहीत मान घातल्यावर चेहरे दिसत नाहीत.

गेल्या बैठकीत समोरचा म्हणाला किलोला ८५ देतो पण पेमेंट ४५ दिवसांनी, आणि ४५ म्हणताना त्याने हळूच त्याच्या अकाउंटवाल्याकडे बघितलं. भाच्याला वाटलं इथं दिवस कमी होतील, त्याने मला कोपर मारलं, मी चिठ्ठी सरकवली, तर आप्पांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली! (चष्मा गाडीत राहिलेला, त्यामुळे निम्मी चुकीची वाचली ते वेगळंच.)

आता ठरवलंय की मी पेनाला टोपण लावलं की आप्पांनी नवीन काही कबूल करायचं नाही. आणि गाडी फारच पुढे गेली तर मी उघडच म्हणायचं, "आतापर्यंतचं एकदा वाचून दाखवतो." ह्याचा कुणाला संशय येत नाही, वेळही मिळतो.

अडतंय ते भाच्याचं. त्याने बघितलेलं आप्पांपर्यंत तिथल्या तिथे कसं पोचवायचं? मोबाईल नको, आप्पा मेसेज उघडेपर्यंत सौदा होऊन जातो. थेट चहाचा ब्रेक मागावा, की दर आणि पेमेंट दोघांना वेगळे इशारे ठेवावेत? तुम्ही कसं करता?